प्रवासाचे मेथी थेपले: छत्तीस तास मऊ ठेवण्यासाठी केलेल्या घाण्यांच्या नोंदी

शनिवार, 11 जानेवारी 2025. घाणा पहिला

काम ठरलेलं आहे. 1 फेब्रुवारीला संध्याकाळी पुण्याहून हावड्याच्या गाडीने चार जण निघणार. गाडी तिसऱ्या दिवशी पहाटे पोचते, म्हणजे शनिवारचं रात्रीचं जेवण, रविवारची न्याहारी-जेवण आणि रविवारची रात्र थेपल्यांवर काढायची. तळाचा शेवटचा थेपला डब्यातून निघेल तेव्हा त्याला भाजून चौतीस-पस्तीस तास झालेले असतील. त्या वेळी तो हाताने सहज तुटला पाहिजे आणि सुरळी केली तर चिरता कामा नये. गुजराती घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या जमतं. आपल्याकडे पराठा म्हणून केलेला तोच प्रकार दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा चिवट होतो. नेमकं कुठे बिघडतं ते एकेक गोष्ट बदलून पाहायचं.

परीक्षा दर वेळी एकच: थंड थेपला गरम न करता बोटाएवढ्या जाडीची घट्ट सुरळी करून पाहायचा. कडेला चीर गेली की नापास.

पहिला घाणा नेहमीच्या पद्धतीने केला. लोकवन गव्हाची बारीक दळलेली कणीक 500 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, एका जुडीची निवडलेली मेथी (साधारण 150 ग्रॅम पानं), तेल, दही, तिखट, हळद, मीठ, तीळ, ओवा. सगळं परातीत एकदम घातलं, पोळीला मळतो तशी मऊ कणीक भिजवली आणि झाकून तासभर ठेवली.

तासाने कणीक पार सैल पडली होती. बोट लावलं की चिकटत होती, गोळी पोळपाटावर ठेवली की पसरत होती. मग ती आवरायला वरून कणीक घालत गेलो. वजन केलं तेव्हा 80 ग्रॅम जादा गेलेली निघाली, त्यात लाटायला लावलेली पिठी वेगळीच. भाजल्यावर दिसायला थेपले चांगले झाले. गरम खाल्ले तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

रविवार, 12 जानेवारी. पहिल्या घाण्याचा निकाल

अठरा तासांनी डबा उघडला. चोवीसपैकी एकाचीही सुरळी धड झाली नाही. मध्यभाग वाकतो, पण कडेच्या दोन बोटांत चिरा जातात. चव मीठ कमी पडल्यासारखी, कारण पीठ वाढलं आणि मीठ-मसाला तेवढाच राहिला.

कणीक सैल का पडली ते उघड आहे. चिरलेल्या मेथीला मीठ लागलं की ती पाणी सोडते, आणि ते एकदम नाही, हळूहळू सोडते. मळताना जे पाणी आपण मोजून घातलं, त्यात पुढच्या तासात पानांचं पाणी येऊन मिळालं. नंतर घातलेली कणीक नीट मळली गेली नाही, तिला भिजायला वेळही मिळाला नाही. असं कोरं पीठ भाजताना कोरडंच राहतं आणि रात्रभरात आजूबाजूचा ओलावा ओढून घेतं. सैल पडलेल्या कणकेत वरून पीठ घालणं हा उपाय नाही, तिथे घाणा निम्मा गेलेलाच असतो.

खर्च: अर्धा किलो कणीक, मेथीची जुडी 20 रुपये, तेल, दही मिळून अंदाजे 90 रुपये आणि अडीच तास. थेपले वाया नाही गेले, तुकडे करून कांदा-टोमॅटोच्या फोडणीत परतून संपवले.

गुरुवार, 16 जानेवारी. घाणा दुसरा: आधी पानांचं पाणी काढून घेणं

मेथी आदल्या रात्री निवडली. फक्त पानं आणि अगदी कोवळे शेंडे घेतले. दांडीचा तुकडा राहिला की लाटताना तो लाटण्याखाली उभा राहतो आणि थेपल्याला भोक पडतं. त्या भोकातून वाफ निघून जाते, थेपला फुगत नाही आणि ती जागा कोरडी राहते. पानं तीन पाण्यांतून धुतली, चाळणीत निथळली आणि जुन्या सुती पंचावर पसरून रात्रभर ठेवली. सकाळी पानं बाहेरून कोरडी होती. पानांवरचं धुण्याचं पाणी कणकेत गेलं की मोजमापाला काही अर्थ उरत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

मेथी बारीक चिरली. परातीत मेथी, दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा धने-जिरे पूड, हाताने चुरडलेला अर्धा चमचा ओवा आणि चिमूटभर हिंग (चमचे सगळे चहाचे) एकत्र करून हलक्या हाताने चोळली आणि दहा मिनिटं ठेवली. दहा मिनिटांनी मेथीचा ढीग निम्म्यावर बसला आणि परातीत हिरवट पिवळं पाणी दिसायला लागलं. काही जण हे पाणी कडू म्हणून पिळून टाकतात. आम्ही टाकलं नाही, कारण मेथीचा वास त्यातच असतो. कडवटपणा 20 ग्रॅम गुळाने आटोक्यात येतो.

त्यावर 500 ग्रॅम कणीक, 50 ग्रॅम बेसन, एक मोठा चमचा तीळ आणि चार मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल घातलं. मोहन थंडच ठेवलं. शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालतात ते खुसखुशीत व्हावेत म्हणून, थेपल्यात नेमकं ते नको असतं. तेल पिठाला दोन्ही हातांनी चोळलं. मूठ वळली की मुटका राहतो आणि बोटाने दाबला की मोडतो, इतपत.

मग दही. 180 ग्रॅम, फार आंबट नाही, त्यात गूळ किसून विरघळवलेला. गुळाचे खडे राहिले तर तव्यावर त्या जागी काळे डाग पडतात. दही घालून कणीक गोळा व्हायला लागल्यावर पाणी चमच्याने घातलं, आणि एकूण चार मोठे चमचे पुरलं. पहिल्या वेळी याच्या दुप्पट गेलं होतं.

कणीक किती घट्ट असावी हे शब्दांत सांगणं अवघड. पुरीच्या कणकेपेक्षा मऊ आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. मळून होताना हाताला किंचित जड वाटली पाहिजे, कारण पंधरा मिनिटांत ती स्वतःच पोळीच्या कणकेवर येते. शेवटी चमचाभर तेलाचा हात लावून पाच मिनिटं तिंबली आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवली, त्याहून जास्त नाही. वजन 1 किलो 40 ग्रॅमच्या आसपास भरलं, चोवीस गोळ्या प्रत्येकी 43 ग्रॅमच्या.

या वेळी लाटताना एकही गोळी चिकटली नाही. साधारण सात इंचांचा, दीड मिलिमीटर जाड थेपला होतो. कडा मध्यापेक्षा जाड राहू द्यायच्या नाहीत, त्या कच्च्या राहतात आणि मग त्यांच्यासाठी अख्खा थेपला जास्त भाजला जातो. लाटून झाल्यावर पिठी झटकून टाकावी. तव्यावर गेलेली पिठी जळते, आणि डब्यात तीच वरच्या थराचा ओलावा शोषते.

त्याच दिवशी. तवा

कणीक जमली म्हणून याच घाण्यात तव्याची परीक्षा घेतली. बिडाचा तवा, तोच गॅस. पहिले आठ मंद आचेवर, पुढचे सोळा मोठ्या-मध्यम आचेवर.

मंद आचेवर एका थेपल्याला तीन मिनिटं लागली. रंग सुंदर येतो, सगळीकडे सारखा बदामी, डाग नाहीत. बघताना वाटतं की हेच बरोबर.

तापलेल्या तव्यावर मात्र काम घाईचं होतं. तवा तयार आहे का ते पाहायला पाण्याचा थेंब टाकावा, तो बसून न राहता नाचत उडाला पाहिजे. थेपला टाकला की दहा-पंधरा सेकंदांत वरचा रंग बदलतो आणि बारीक फोड येतात, तेव्हा उलटायचा. दुसऱ्या बाजूला वीसेक सेकंद. मग अर्धा चमचा तेल पसरून उलटायचा, वरच्या बाजूलाही अर्धा चमचा, आणि उलथण्याने कडा दाबत फिरवायच्या. दाबलेल्या जागेच्या शेजारी फुगवटा येतो, तो कडेकडेने पुढे ढकलत न्यायचा. एकूण एक मिनिट, फार तर सव्वा मिनिट. डाग तांबूस हवेत. काळे पडायला लागले तर आच थोडी उतरवावी, पण मंद करू नये.

प्रत्येक थेपला उतरवल्यावर वजन केलं. कच्चा 43 ग्रॅम. तापल्या तव्यावरचा तेलासकट साधारण 40 भरला, मंद आचेवरचा 36. तेल दोन्हींना सारखंच लावलं होतं, तेव्हा हा फरक सगळा उडून गेलेल्या पाण्याचा. थेपला चिवट होण्याचं तेच कारण आहे का, हे उद्या कळेल.

शुक्रवार, 17 जानेवारी. चोवीस तासांनी

मंद आचेवरचे आठही नापास. सहाला कडेला चिरा, दोन मध्यावरच मोडले. चावताना तोंडात पिठूळ होतात. मोठ्या आचेवरच्या सोळांपैकी बारा पूर्ण पास, सुरळी अगदी पोळीसारखी झाली. चार कडेला थोडे चिरले.

ते चार कोणते, हे शोधायला वेळ लागला. ते घाण्याच्या शेवटी केलेले होते, आणि भाजून झाल्यावर ताटात उघडे राहिले होते. डब्यात जाईपर्यंत अर्धा तास गेला. वर पंखा चालू होता. आता पुढचा प्रश्न भाजल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा.

रविवार, 19 जानेवारी. घाणा तिसरा: थंड कसे करायचे

कणीक आणि तवा गुरुवारसारखाच. चोवीस थेपल्यांचे तीन वाटे केले, आठ-आठचे.

पहिला वाटा तव्यावरून थेट स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. दुसरा वाटा ताटात सुटासुटा पसरून, पंख्याखाली पूर्ण गार होईपर्यंत, मग डब्यात. तिसरा वाटा दोन टप्प्यांत: तव्यावरून उतरवला की दुहेरी सुती कापड घातलेल्या वेताच्या दुरडीत एकावर एक ठेवायचा आणि कापडाची टोकं वरून घ्यायची. आठ झाले की दहा मिनिटं तसेच राहू द्यायचे. गड्डीतल्या वाफेने भाजलेली कोरडी कड पुन्हा नरम होते आणि जास्तीची वाफ कापडातून बाहेर जाते. दहा मिनिटांनी गड्डी उघडून थेपले जाळीवर सुटे करायचे, पंखा बंद. हाताला अजिबात ऊब लागेनाशी झाली की पुन्हा गड्डी करून डब्यात. याला वीस-पंचवीस मिनिटं लागली.

पाच तासांनी पहिल्या डब्याचं झाकण उचललं तर आतून थेंब लोंबत होते. वरचा थेपला ओला, तळचे दोन एकमेकांना चिकटलेले. दुसऱ्या डब्यातले सुटे आणि नेटके दिसत होते. तिसऱ्यातलेही.

सोमवार, 20 जानेवारी. तीस तासांनी

गरम भरलेल्या डब्यातले थेपले सगळ्यांत मऊ आहेत, आणि तेच फेकावे लागले. तळच्या दोघांना आंबूस वास येतोय, बोटाला चिकट लागतं, आणि तुकडा मोडताना अगदी बारीक तार ओढली जाते. ही खूण लक्षात ठेवावी. बुरशी दिसायच्या आधी ही तार येते, आणि तार आली की वरचेही खाऊ नयेत, कारण ओल सगळ्या गड्डीत सारखी फिरलेली असते. जानेवारीच्या थंडीत तीस तासांत ही गत, तर मे महिन्यात रात्र उलटायची नाही.

पंख्याखाली गार केलेले आठही खाण्याजोगे, पण सहा चिरतात. दुरडीतल्या आठपैकी आठ पास. कडा मधल्याइतक्याच मऊ आहेत, झाकणाला एकही थेंब नाही.

मऊपणा इथेच हातचा जातो, असं आता आमचं मत झालं आहे. लोक दही वाढवतात, मोहन वाढवतात, आणि मग तोच थेपला पंख्याखाली टाकून वाळवतात.

शनिवार, 25 जानेवारी. इतर बदल

दुरडीची पद्धत कायम ठेवून अर्ध्या अर्ध्या प्रमाणात चार गोष्टी करून पाहिल्या.

मोहन दुप्पट केलं. कच्ची कणीक लोण्यासारखी झाली, थेपला लाटताना फाटत होता. दुसऱ्या दिवशी मऊ होता, पण वाकत नव्हता. सुरळी करताना नानकटाईसारखा मोडला. पिठाचे कण तेलाने इतके वेगळे पडतात की कणकेला धरच राहत नाही. अर्ध्या किलोला चार मोठे चमचे हा अंदाज बरोबर आहे, पाचापर्यंत चालेल.

तेलाऐवजी तूप वापरलं, मोहनालाही आणि भाजायलाही. चव फार चांगली. पण सकाळी गारठ्यात थेपले ताठ झाले होते, कारण तूप थिजतं. थोडी ऊब लागली की पुन्हा मऊ होतात, पण गाडीत पहाटे ऊब कुठून आणणार? प्रवासाला तेलच.

बाजरीचं पीठ निम्मं घातलं, गुजरातेत ज्याला ढेबरा म्हणतात तसं. त्याच दिवशी दही-लसणीच्या चटणीबरोबर अप्रतिम लागतात. बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे बारा तासांत ते ठिसूळ झाले. प्रवासात पहिल्या जेवणापुरते न्यावेत. अर्ध्या किलोत 50 ग्रॅमपर्यंत बाजरी घातली तर मात्र काही बिघडत नाही.

चौथा बदल कामाचा निघाला. पाण्याऐवजी एक लहान पिकलं केळं कुस्करून घातलं आणि गूळ अर्धा केला. थेपले दोन दिवस मऊ राहिले, दह्याच्या थेपल्यापेक्षाही किंचित जास्त. पण लाटताना चिकटतात, तव्यावर लवकर लाल होतात, आणि केळ्याचा गोडसर वास मागे राहतो. घरात दोघांना आवडला, दोघांना नाही. म्हणून प्रवासासाठी दहीच ठेवलं.

उरलेले चार थेपले मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवले होते. रात्रीत ते बाहेरच्यांपेक्षा जास्त कडक झाले. शिजलेल्या पिठातला स्टार्च गारव्यात भराभर घट्ट होतो, शिळी पोळी फ्रिजमध्ये चामट होते ती याचमुळे. गरम तव्यावर अर्धा मिनिट टाकले की ते परत नरम होतात, पण तवा घेऊन कोणी प्रवासाला जात नाही. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवायचा बेत यामुळे रद्द. निघायच्या दिवशीच सकाळी करायचे.

आलं-लसणीचं ओलं वाटण आणि कांदा या घाण्यात घातला नाही आणि घालणारही नाही. ओलं वाटण असलं की थेपला लवकर आंबतो. तिखटपणा लाल तिखटाने येतो, लसूण हवी असेल तर कोरडी लसूण चटणी सोबत न्यावी.

शनिवार, 1 फेब्रुवारी. मोठा घाणा

चार जण, तीन जेवणं, माणशी चार. अठ्ठेचाळीस थेपले, म्हणजे एक किलो कणीक आणि 300 ग्रॅम मेथी. मेथीच्या दोन जुड्या आदल्या दिवशी आणल्या, एकीची पानं जून होती म्हणून तिसरी आणावी लागली. निवडायला एका माणसाला पाऊण तास लागला. धुऊन रात्री पंचावर पसरल्या.

सकाळी सात वाजता सुरुवात. इथे एक चूक झाली. किलोभर कणीक एकदम भिजवली. पहिले पंचवीस-तीस थेपले छान झाले, पण तिथपर्यंत पोचायला पन्नास मिनिटं लागली आणि तोवर उरलेली कणीक पहिल्या घाण्यासारखी सैल पडू लागली. या वेळी पीठ घातलं नाही. उरलेल्या गोळ्या ताटात सुट्या मांडून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवल्या, गारव्याने त्या आवळल्या आणि पिठीवर लाटता आल्या. कच्च्या कणकेला फ्रिज चालतो, भाजलेल्या थेपल्याला चालत नाही. तरी शेवटचे दहा-बारा थेपले थोडे जाडच झाले. खरं तर कणीक दोन वेळा भिजवायला हवी होती: अर्ध्या किलोची पहिली, आणि तिचे निम्मे थेपले भाजून झाले की दुसऱ्या मेथीला मीठ लावायचं. एक लाटणारा आणि एक भाजणारा असेल तर अर्ध्या किलोला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं पुरतात.

दुरडी एकच असल्यामुळे दुसरी गड्डी रोवळीत कापड घालून ठेवली. चालते, फक्त तळाला हवा जाण्यासाठी ती वाटीवर टेकवावी. ओट्यावर सपाट ठेवली की तळचं कापड वाफेने ओलं होतं.

साडेदहाला सगळे थेपले पूर्ण गार. आठ-आठच्या सहा गड्ड्या केल्या. पहिल्या जेवणाच्या दोन गड्ड्या सुती रुमालात, कारण त्या आजच संपणार. बाकीच्या चार ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, वर रुमाल, आणि स्टीलच्या डब्यात. प्रत्येक जेवणाच्या गड्ड्या वेगळ्या बांधण्याचं कारण असं की एकदा उघडलेला डबा पुन्हा पुन्हा उघडला की खालच्यांचा ओलावा दर वेळी थोडा जातो, आणि ओले हात लागले की आंबण्याची सुरुवात तिथूनच होते. झाकणाखाली घडी केलेला टिपकागद ठेवला. जाड थेपले पहिल्या जेवणाच्या गड्डीत घातले, पातळ आणि नीट फुगलेले शेवटच्या जेवणाला.

सोबत छुंदा, कोरडी लसूण चटणी आणि हिंग-मोहरीवर परतलेली बटाट्याची सुकी भाजी. भाजी फक्त आजच्या रात्रीपुरती. छुंद्याची बरणी थेपल्यांच्या डब्यात ठेवू नये, पाक सांडला की गड्डी गेली.

खर्च: कणीक, बेसन, तीन जुड्या मेथी, पाव किलोहून थोडं जास्त तेल, दही आणि मसाला धरून 270 रुपयांच्या आसपास. म्हणजे थेपला साधारण साडेपाच रुपयांना. वेळ निवडण्यासकट साडेचार तास, दोन माणसांचे.

रविवार, 2 फेब्रुवारी. गाडीत

शनिवारी रात्री साडेआठला पहिल्या सोळा थेपल्यांना साधारण अकरा तास झाले होते. जाड असलेल्यांच्याही सुरळ्या झाल्या. जाड थेपला मधून मऊ राहतो, पण चावायला जड लागतो.

दुसरं जेवण सकाळी अकराच्या सुमारास, नागपूर मागे पडल्यावर. सव्वीस तास. फॉइल उघडल्यावर आत किंचित दमट, थेंब नाहीत. सोळाही पास. मेथीचा वास कालच्यापेक्षा कमी, ओव्याचा आणि हिंगाचा जास्त. मीठही कालपेक्षा पुढे आलंय. पुढच्या वेळी मीठ पाव चमचा कमी करायचं.

तिसरं जेवण रात्री साडेसातला, बिलासपूर सोडून बराच वेळ झाल्यावर. साडेचौतीस तास. डबा दिवसभर खिडकीखाली होता आणि दुपारी त्यावर ऊन आलं, हे उशिरा लक्षात आलं. एका गड्डीतले आठही पास, तार नाही, वास नाही. दुसऱ्या गड्डीचं फॉइल कोपऱ्यात फाटलं होतं. त्या बाजूचे तीन थेपले कडेला बोटभर ताठ झाले, बाकी पाच मऊ. ताठ झालेल्या कडा गरम चहात बुडवून खाल्ल्या.

सोळांतून दोन उरले, ते सोमवारी पहाटे हावड्याला उतरताना तपासले. पंचेचाळीस तास. दोन्ही अजून वाकतात, पण एकाला अगदी सौम्य आंबूस वास आहे. तो दह्याचा की बिघडल्याचा, हे नाकाला ठरवता येत नाही, म्हणून दोन्ही टाकले. हवा थंड असताना दह्याच्या थेपल्याची हद्द दीड दिवस धरायची.

सोमवार, 10 फेब्रुवारी. उन्हाळ्यासाठी एक घाणा

एप्रिल-मेमध्ये नेणाऱ्यांसाठी दही वगळून करून पाहिलं. दह्याऐवजी पाणी, मोहन पाच मोठे चमचे, गूळ तेवढाच, आणि ओल्या मेथीऐवजी दोन मुठी कसुरी मेथी. कसुरी मेथी तव्यावर हलकी शेकून हाताने चुरडून घातली. ती पाणी सोडत नाही, उलट पितं तिचं पान. त्यामुळे कणीक मळताना नेहमीपेक्षा सैल ठेवायची, पंधरा मिनिटांत ती घट्ट होते. इथे ओल्या मेथीच्या सवयीने घट्ट मळली तर लाटताना कडा चिरतात. पहिल्या सहा गोळ्यांचं तसंच झालं, मग ओला हात लावून कणीक पुन्हा तिंबली.

हे थेपले छत्तीस तासांनी दह्याच्या थेपल्यांपेक्षा थोडे कमी मऊ, पण वासाला स्वच्छ. दोन दिवसांनीही तार नाही. ही परीक्षा फेब्रुवारीतली आहे. चाळीस अंशांच्या डब्यात दह्याचे थेपले दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संपवावेत आणि त्यापुढे कसुरी मेथीचे काढावेत. गड्ड्या बांधताना दोन्हींवर वेगळ्या रंगाचा दोरा बांधला की अंधारात बर्थवर बसूनही कुठली आधी उघडायची ते कळतं.